पंखेवालीच्या घरातून गेलेला जोड

आमच्या मोजणी कार्यालयात खळकाका म्हणून एक गृहस्थ आहेत. हजेरीपटावर त्यांचं वेगळं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःसुद्धा मागे वळून बघणार नाहीत. काम काय, तर अभिलेख खोलीतले फाटलेले नकाशे चिकटवायचे. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं आणि नकाशाच्या पाठीला मलमल लावायची. वडील पुस्तकबांधणी करायचे, त्यांच्याकडून हात आला. स्वभाव मात्र कुणाकडून आला कोण जाणे. काकू म्हणतात, "ह्यांना खिडकी पुसायला सांगितली की आधी उभी पुसावी का आडवी ह्यातच दुपार जाते." काकूंचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसते, मला ठाऊक आहे.

मी संगणकावर नकाशे उतरवते. काकांचं माझ्याविषयी मत असं, की यंत्रात घातला की नकाशाचा चोथा होतो. माझं त्यांच्याविषयी मत असं, की एवढी घमेंड खळ शिजवणाऱ्या माणसाला शोभत नाही. असं आमचं सासू-सुनेसारखं छान चाललं होतं.

घमेंडीला कारण होतं. तेरा नंबरची शीट हे ते कारण. फार पूर्वी अभिलेख खोलीतला पाण्याचा नळ फुटला. त्या भागाच्या क्षेत्रफळाच्या वह्यांचा लगदा झाला आणि तेरा नंबरची शीट घडीच्या शेजारून वरपासून खालपर्यंत फाटून तिचे दोन तुकडे झाले. तेव्हाचे साहेब म्हणाले, गेली ही. काका म्हणाले, बघू. आणि त्यांनी ती अशी जोडली, की जोड कुठे आहे हे बोट फिरवूनही कळेना. वह्या गेल्याच होत्या, मग प्रत्येक घराचं क्षेत्रफळ ह्याच जोडलेल्या शीटवरून नव्याने मोजून कागदोपत्री चढवलं गेलं.

तेव्हापासून शिकाऊ मोजणीदारांची नवी तुकडी आली की काका ती शीट मोठ्या टेबलावर पसरतात. "ह्याच्यात एक जोड आहे. शोधा. सापडला तर चहा माझ्याकडून, नाही सापडला तर तुमच्याकडून." मंडळी भिंगं घेऊन वाकतात, नाकं घासतात, एखादा हुशार घडीच्या खुणेवर बोट ठेवतो. काका म्हणतात, "ती साधी घडी. जोड सांग, जोड!" काकांनी स्वतःच्या पैशाने कधी चहा प्यायलाय, असं मला आठवत नाही.

त्या भागाची नवी मोजणी झाली ती कुलूपवाल्यामुळे. तेरा नंबर शीटच्या मधल्या गल्लीत त्याचं दुकान आणि वर घर. त्याला मजला चढवायचा होता, म्हणून त्याने हद्दी नक्की करून मागितल्या. मोजणीदारांनी शीटवरच्या तिन्ही गल्ल्यांतली प्रत्येक भिंत नव्या यंत्राने टिपून आणली आणि पुढचं काम माझ्याकडे आलं.

ते काम ऐकायला सोपं आहे. जुना नकाशा यंत्रात घ्यायचा, चार कोपरे जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवायचे आणि प्रत्येक घराची हद्द आखून घ्यायची. त्याच्यावर नवी मोजणी ठेवायची. मग यंत्र एकाला दुसऱ्याने कापतं. प्रत्येक तुकड्याला दोन नावं येतात: जुन्या नकाशाप्रमाणे जागा कोणाची आणि आज तिथे कोण आहे. नावं एकच असली तर प्रश्न मिटला. वेगळी असली तर तो तुकडा कुणाचा तरी कुणीतरी दाबलाय. हाताच्या थरथरीने आणि पेनाच्या जाडीने येणाऱ्या चिंधड्या बाजूला काढायच्या. आमच्याकडे तीस सेंटिमीटरहून बारीक पट्टी धरत नाहीत. उरलेल्या तुकड्यांची माणसागणिक बेरीज करायची आणि यादी साहेबांच्या टेबलावर ठेवायची.

कोपरे झकास बसले. शीट आडवी अर्धा टक्का ताणावी लागली, पण जुना कागद आटतोच, त्यात नवल नाही. तक्रार मधल्या गल्लीची, म्हणून मी तेवढीच गल्ली कापली आणि यादी केली. सगळ्यात वर नाव आलं पंखेवालीचं. तिने दोन्ही शेजाऱ्यांत मिळून अठरा चौरस मीटर जागा दाबली होती. एका बाजूचा शेजारी कोण? तर कुलूपवाला.

पंखेवाली म्हणजे जळलेल्या पंख्यांच्या आणि मोटारींच्या तारा नव्याने गुंडाळून देणारी बाई. नवरा होता तोवर दोघं करायची, आता एकटी करते. सुनावणीची नोटीस हातात पडल्याबरोबर ती कार्यालयात आली. बोटांना तांब्याच्या तारेचे बारीक कापे, डोक्यावर चष्मा चढवलेला.

"माझं नाव वर लावलंय ते तुम्हीच का?" तिने मला विचारलं.

"नाव यंत्राने लावलं. मी बेरीज केली."

"मग यंत्राला विचारा, भिंत सरकवायची ती कुठे सरकवू? दोन्हीकडे माणसं झोपतात. सहा मीटरचं घर. दोन्हीकडून पाऊण पाऊण मीटर काढलं तर उरतं काय, बोळ? आणि बाई, मी तार गुंडाळते. जमीन नाही गुंडाळत."

बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. म्हणाली, "सुनावणीत हे खरं ठरलं तर दोन्ही भिंती पाडायला सांगतील. दोन्ही भिंती पाडल्यावर छप्पर कशावर राहणार, ते तरी लिहून द्या." मी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर मला स्वतःचाच राग आला, आणि तो कुणावर तरी काढायचा म्हणून मी पुन्हा यादी उघडली.

यादीत एकच रकाना होता: कोणी किती दाबलं. साहेबांनी तेवढंच मागितलं होतं. मी शेजारी दुसरा रकाना केला: ज्याचं त्याचं किती दाबलं गेलं. आणि गंमत सुरू झाली. पंखेवाली कुलूपवाल्यात नऊ चौरस मीटर शिरलेली. कुलूपवाला त्याच्या पलीकडच्यात जवळपास तितकाच शिरलेला. तो पलीकडचा त्याच्या पलीकडच्यात, पण किंचित कमी. असं एकेक घर थोडं थोडं कमी होत गल्लीच्या टोकापर्यंत. दुसऱ्या बाजूलाही हुबेहूब तसंच, फक्त उलट्या दिशेने. दोन्ही रकान्यांची वजाबाकी केली, तर गल्लीतल्या कुणालाच काही मिळालेलं नव्हतं आणि कुणाचंच काही गेलेलं नव्हतं. एका पंखेवालीला सोडून.

साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "म्हणजे हिने दोन्हीकडे ढकललं आणि आख्खी गल्ली सरकली."

"साहेब, घरं म्हणजे काय बाकावर बसलेली माणसं आहेत? जरा सरका म्हटलं की सरकली?"

साहेब हसले. आमचे साहेब तसे बरे आहेत, आधी हसतात आणि मग विचार करतात. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जागेवर जाऊन आलो. सगळ्या भिंती दोघांत एक अशा, जाडजूड, पंखेवालीच्या जन्माच्याही आधीच्या. पाडून बांधल्याची कुठे खूण नाही. साहेब भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "ही काय सरकलेली नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण सुनावणीत मला कागद लागेल. भिंत साक्ष देत नाही."

परत आल्यावर मी वरची आणि खालची गल्लीही कापून पाहिली. त्यांची तक्रारच नव्हती, म्हणून आधी हात लावला नव्हता. तिथेही तोच प्रकार: मध्ये एकाने दोन्हीकडे हात पसरलेले आणि बाकीचे टोकापर्यंत कमी कमी होत गेलेले. वरच्या गल्लीत तो मधला म्हणजे एक गोदाम. खालच्या गल्लीत एक रिकामी जागा, जिच्या मालकाने तिथे दगडसुद्धा रचलेला नाही. गोदाम, पंखेवाली आणि रिकामी जागा, तिघंही शीटवर एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत.

तीन गल्ल्यांतली तीन माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि पट्टी लावून एका रेषेत चोरी करतात? मी खुर्चीवरून उठले. घडीची रेघ थोडी अलीकडे होती. घडीपासून थोडी बाजूला, एकही खूण नसलेल्या ठिकाणी, ही रेघ जात होती.

मी काकांकडे गेले. ते कुठल्याशा शीटची कड मागून घासून पातळ करत होते.

"काका, तेरा नंबरचा जोड कुठे आहे?"

"शोध. चहा पाजतो."

मी पसरलेल्या शीटवर, पंखेवालीच्या घरावर बोट ठेवलं आणि तसंच सरळ वर नेलं, मग सरळ खाली आणलं. काकांचा घासणारा हात थांबला. इतक्या वर्षांत त्यांचा जोड पहिल्यांदा कुणाला तरी सापडला होता, आणि खरं सांगते, तो आनंद मला घेता आला नाही. त्यांचं तोंड पडलं होतं.

"कडा एकमेकींवर चढवल्या होत्यात का?"

"चढवाव्या लागतात," ते म्हणाले. "पाण्याने कडा कुजल्या होत्या. नुसती कड कडेला लावली तर कशी धरेल? जराशी चढवली. पण रेषा बघ. एकूण एक रेघ जुळलेली आहे. माझ्या जोडाने नकाशा खोटा होत नाही."

"काका, तिन्ही गल्ल्यांच्या रेषा आडव्या आहेत. आडवी रेघ कितीही चढवलीत तरी जुळणारच. ती फक्त आखूड होते."

"तू मला शिकवणार?"

"तिचं घर आखूड झालंय, काका. तुमच्या जोडाखाली दीड मीटर घर आहे."

"चालती हो," काका म्हणाले. एवढ्या वर्षांत ते मला असं कधी बोलले नव्हते. मीही चार शब्द सुनावले, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. दार आपटून आले, आणि जागेवर बसल्यावर मला रडू आलं. कशाचं ते नीट सांगता येणार नाही. माझा अंदाज होता, पुरावा नव्हता. जोड उघडल्याशिवाय आत किती दडलंय ते कळणार नव्हतं, आणि जोड असा होता की काकांशिवाय दुसऱ्या कुणी उघडायला गेलं असतं तर शीटच्या चिंध्या झाल्या असत्या. सुनावणी तर तोंडावर आली होती.

त्या संध्याकाळी काकांनी घरचा चांगला चालणारा टेबलपंखा काखोटीला मारला आणि ते पंखेवालीकडे गेले. हे मला नंतर तिच्याकडून कळलं. म्हणाले, आवाज करतो. तिने उघडला. "काका, ह्याला काही झालेलं नाही."

"बघा तरी नीट," म्हणत ते तिथेच स्टुलावर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. तिला वाटलं, म्हाताऱ्याला घरात करमत नसेल. ती आपली दुसऱ्या पंख्याची तार काढत बसली. तार मध्येच एका ठिकाणी तुटलेली होती. काकांनी विचारलं, "सगळी कशाला काढता? तुटलंय तिथे जोड द्या की."

ती म्हणाली, "देतात लोक. बाहेरून दिसतही नाही. पंखा फिरतो, पण तिथेच तापत राहतो."

ह्या एका वाक्याने काका पालटले वगैरे मी म्हणणार नाही. काका असे वाक्यांनी पालटणारे नव्हेत. पण निघताना त्यांनी पावलांनी तिचं घर ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून मोजलं, आणि पंखा तिथेच विसरले.

दुसऱ्या दिवशी ते आधी साहेबांकडे न जाता माझ्याकडे आले. दार लोटून घेतलं.

"गटाराची रेघ," ते म्हणाले.

"कसली?"

"शीटवर एक रेघ तिरकी आहे. गटाराची. बाकी सगळ्या जुळल्या, ती जुळली नाही. जोडापाशी तुटून बाजूला गेली." ते खिडकीकडे बघत बोलत होते. "मला कळायला पाहिजे होतं. तिरकी रेघ तुटते म्हणजे मध्ये काहीतरी दडलंय. पोरी, मला कळलं होतं. पण जोड इतका सुरेख बसला होता. सगळे वाहवा करत होते. मी ती रेघ थोडी खरवडली आणि शाईने जुळवून टाकली."

फाटलेला नकाशा वाकडा जोडला, ही चूक. सरकारी नकाशावर स्वतःच्या हाताने रेघ ओढली, हा गुन्हा. निवृत्तीला थोडे महिने उरलेला माणूस ते मला आपणहून सांगत होता. त्याने सांगितलं नसतं तर ती रेघ कुणाच्या बापाला सापडली नसती.

"हे साहेबांना सांगायलाच पाहिजे असं नाही," मी म्हटलं. "जोड नुसता उघडा. शाईचं..."

"उघडल्यावर शाई दिसणारच," काका म्हणाले. "आणि न दिसणारं काम एकदा करून झालंय माझं."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ह्या वेळी ते आधी हसले नाहीत. लेखी परवानगी काढली, दोन साक्षीदार बसवले, आणि पंखेवाली नि कुलूपवाला दोघांनाही बोलावलं. मोठ्या टेबलावर शीट उलटी पसरली. काकांनी पाठीची मलमल ओली करून सोडवली. मग शीट सुलटी केली, जोडावर ओलं फडकं ठेवलं आणि वाट बघत बसले. खळ मऊ झाली. मग काकांनी हाडाची पातळ पट्टी कडेखाली घातली आणि वरून खाली, श्वास धरून, सरकवत नेली. जितक्या निगुतीनं त्यांनी तो जोड दिला असेल, तितक्याच निगुतीनं ते तो उघडत होते.

नकाशाची खाली दडलेली पट्टी उघडी पडली. बाकीचा नकाशा पिवळा, ही मात्र पांढरी स्वच्छ, इतकी वर्षं उजेड न बघितलेली. तिच्यावर तिन्ही गल्ल्यांच्या रेषा आणि गटाराची खरी रेघ. पट्टीच्या बाहेर काकांची रेघ, बाजूला वळलेली. दोन्ही अगदी शेजारी शेजारी दिसत होत्या. साहेबांनी मोजपट्टी लावली: तीन मिलीमीटर. ह्या शीटवर एक मिलीमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. दीड मीटर.

"हे माझं घर?" पंखेवालीने त्या पांढऱ्या पट्टीकडे बोट करून विचारलं.

"हो," काका म्हणाले. "माझ्याकडे होतं. माफ करा."

तिने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून पट्टी पाहिली. मग म्हणाली, "तुमचा पंखा न्यायचा राहिलाय."

दोन्ही तुकडे कड कडेला ठेवून मी शीट पुन्हा यंत्रात घेतली. ह्या खेपेला कोपरे बसवताना ती जवळजवळ ताणावीच लागली नाही. तो अर्धा टक्का कागद आटल्याचा नव्हताच, तो काकांच्या खळीखाली होता. पुन्हा कापलं, पुन्हा माणसागणिक बेरीज केली. पंखेवालीपुढे शून्य. गल्लीतल्या जवळपास सगळ्यांपुढे शून्य. उरला फक्त एक तुकडा: कुलूपवाल्याने मागे बांधलेली मोरी गटाराच्या जागेत शिरलेली. ज्याने मोजणी मागितली त्याचाच पाय खड्ड्यात! मी ती यादी साहेबांना देताना हसू दाबलं. दाबलं नाही, खरं म्हणजे.

काकांना लेखी खुलासा द्यावा लागला आणि त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद चढली. एवढ्या वर्षांतली पहिलीच, आणि तीही त्यांच्या सगळ्यात चांगल्या कामाबद्दल. मग एक दिवस तेरा नंबरची शीट पुन्हा जोडायला घेतली. ह्या वेळी कडा एकमेकींना फक्त टेकवल्या आणि सगळी ताकद मागच्या मलमलीला दिली. मधली फट दिसते, अगदी दारातूनही दिसते. गटाराची रेघ त्यांनी स्वतः ओढलेली होती ती पुसली नाही. तिच्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं: ही रेघ चुकीची, आणि खाली सही केली. हजेरीपटावरचं ते खरं नाव मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं.

परवा शिकाऊ मोजणीदारांची नवी तुकडी आली. मला वाटलं, आता काका शीट काढणार नाहीत. पण काढली. टेबलावर पसरली आणि म्हणाले, "ह्याच्यात एक जोड आहे. शोधा."

सगळ्यांनी एकदमच बोट ठेवलं. एक जण तर हसायलाच लागला.

काकांनी खिशात हात घातला, पैसे काढले आणि मला म्हणाले, "पोरी, सगळ्यांना चहा सांग. तुझाही एक राहिलाय."